सर्टिफिकेटवर पाय कुठे आहे? मृत्यूच्या कारणाच्या तीन ओळी : एक प्रकरण

बुधवारी पहाटे 3 वाजून 40 मिनिटांनी आमच्या अतिदक्षता विभागात एक अठ्ठावन्न वर्षांचे शेतकरी गेले. साडेआठला मी राउंडला पोचले तेव्हा मृतदेह नातेवाइकांच्या ताब्यात द्यायची तयारी झाली होती. नमुना 4, म्हणजे मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र, रात्रपाळीच्या रेसिडेंटने लिहून माझ्या सहीसाठी ठेवला होता. आमच्याकडे पहिली सही रेसिडेंटची असली तरी कागद बाहेर जाण्याआधी युनिटचा वरिष्ठ डॉक्टर वाचतो. तो मी वाचला आणि सही न करता थांबले. त्या कागदाचं नंतरच्या पाऊण तासात काय झालं, ते इथे लिहिते आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

रेसिडेंटने लिहिलं होतं ते असं:

भाग 1
(अ) कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट – 10 मिनिटे
(ब) सेप्टिक शॉक – 2 दिवस
(क) मल्टिऑर्गन फेल्युअर – 1 दिवस
भाग 2
डीएम, एचटीएन, आयएचडी, एकेआय

वरवर पाहिलं तर यात एकही शब्द खोटा नाही. हृदय बंद पडलं होतं, सेप्टिक शॉक, म्हणजे जंतुसंसर्ग अंगभर पसरून कोसळलेला रक्तदाब, होता, एकामागून एक अवयव निकामी झाले होते, आणि खालच्या चारही गोष्टी, म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आणि किडनीची इजा, रुग्णाला होत्या. मी रेसिडेंटला एवढंच विचारलं, "यात पाय कुठे आहे?"

तो रात्रभर जागा होता. त्याला क्षणभर कळलं नाही. मग म्हणाला, "मॅडम, पाय तर सोमवारी काढला ना."

तिथूनच सुरुवात करावी लागली.

केसपेपरवरून जुळवलेला क्रम

प्रमाणपत्र लिहायला बसताना बहुतेक जण शेवटच्या तासापासून मागे जातात, कारण तोच डोळ्यासमोर असतो. सीपीआर, ॲड्रेनलिन, मॉनिटरवरची सपाट रेघ. मी रेसिडेंटला उलट्या टोकाकडून यायला सांगितलं. फॉर्म बाजूला ठेव, केसपेपर उघड, आणि हा माणूस धडधाकट होता तिथपासून गोष्ट सांग.

चौदा वर्षांपूर्वी हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा साखर सापडली. टाइप 2 मधुमेह. गोळ्या सुरू झाल्या, पण हंगामात बंद पडायच्या. गेली तीनेक वर्षं तळपाय बधिर. जुन्या कागदांत एका डॉक्टरने 'पायाला मोनोफिलामेंटचा स्पर्श कळत नाही', म्हणजे संवेदना तपासायच्या बारीक धाग्याचा स्पर्शही कळत नाही, असं लिहून ठेवलेलं होतं, ते आम्हाला फार उपयोगी पडलं. सहा वर्षांपासून रक्तदाब, गोळीवर ताब्यात. चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेली.

मृत्यूच्या चोवीस दिवस आधी, एका रविवारी, पुतण्याच्या लग्नात त्यांनी नवी चप्पल घातली. उजव्या अंगठ्याच्या बाजूला फोड आला. दुखलं नाही, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. पत्नीच्या सांगण्यानुसार अंगठा काळा पडलेला पहिल्यांदा दिसला तो सोमवारी, बाजाराच्या दिवशी. बाजाराचा दिवस गावात कुणी विसरत नाही, त्यामुळे ही तारीख पक्की धरता आली. मृत्यूच्या आधी नऊ दिवस. मधल्या काळात गावात ड्रेसिंग चालू होतं. रविवारी रात्री नऊ वाजता आमच्याकडे आणलं तेव्हा काळेपणा पावलाच्या मध्यापर्यंत चढला होता, पाणी गळत होतं, वास येत होता. रक्तदाब 84/50, साखर 412, किडनीचं काम बिघडलं की वाढणारं क्रिएटिनिन 3.6. आठ महिन्यांपूर्वीच्या कागदावर तेच क्रिएटिनिन 1.1 होतं. सलाइनने दाब थोडा वर आला, पण सोमवारी पहाटे पुन्हा कोसळला आणि दाब टिकवणारं नॉरॲड्रेनलिन चालू करावं लागलं. दुपारी सर्जनने गुडघ्याखाली पाय काढला. मंगळवारी पहाटेपासून लघवी जवळजवळ थांबली, प्लेटलेट उतरल्या, कावीळ दिसू लागली. बुधवारी पहाटे गेले.

ही गोष्ट ऐकणारा कुणीही सांगेल की हा माणूस मधुमेहाच्या पायाने गेला. गावातला माणूस हे एका वाक्यात सांगतो: "साखरेनं पाय सडला, त्याचं विष अंगात भिनलं." कारणांचा क्रम त्या वाक्यात अगदी बरोबर आहे. आमच्या रेसिडेंटच्या सात नोंदींमध्ये मात्र पाय नव्हता, जखम नव्हती, गँगरीन नव्हतं.

पहिली ओळ : हृदय बंद पडणं

"पण मॅडम, कार्डियाक अरेस्ट झालाच ना?"

झाला. प्रत्येकाला होतो. अपघातात गेलेल्याला होतो, क्षयाने गेलेल्याला होतो, नव्वदीत झोपेत गेलेल्या आजीला होतो. हृदय आणि श्वास थांबणं म्हणजेच मृत्यू, त्यामुळे ते मृत्यूचं कारण म्हणून लिहिलं तर वाचणाऱ्याला 'मृत्यू झाल्यामुळे मृत्यू झाला' एवढंच कळतं. नमुना 4 वर पहिल्या ओळीच्या बाजूलाच सूचना छापलेली असते की जो आजार, इजा किंवा गुंतागुंत मृत्यूला कारण झाली ती लिहा, मरण्याची पद्धत लिहू नका. उदाहरण म्हणून हार्ट फेल्युअर, अशक्तपणा असे शब्दही तिथेच दिलेले असतात. ती सूचना इतकी बारीक छापलेली असते की वर्षानुवर्षं फॉर्म भरणाऱ्यांनीही ती वाचलेली नसते.

ही सवय लागते त्यामागे एक कारण आहे, आणि मला ते समजतं. पहाटे चार वाजता नातेवाईक बाहेर उभे असतात, गाडी लागलेली असते, आणि 'अरेस्ट' लिहिलं की कुणी वाद घालत नाही. तो शब्द कधीच चुकीचा ठरत नाही. म्हणूनच तो निरुपयोगी आहे. मी रेसिडेंटला म्हटलं, जो शब्द आपल्या वॉर्डातल्या प्रत्येक मृत्यूला लागू पडतो, तो या फॉर्मवर लिहायचा नाही.

ही ओळ खोडली. आता (अ) मध्ये काय? ज्या अवस्थेने त्यांना शेवटी नेलं ती सेप्टिक शॉक. ती वर सरकली.

वेळेच्या रकान्याने पकडून दिलेली चूक

मला या कागदावरची सगळ्यात शिकण्यासारखी जागा वाटली ती उजवीकडचा रकाना, आजार सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंतचा अंदाजे काळ. पुष्कळ जण तो रिकामा सोडतात. आमच्या रेसिडेंटने भरला होता, आणि प्रामाणिकपणे भरला होता. म्हणूनच त्याची चूक दिसली.

भाग 1 मधल्या ओळींचा अर्थ असा असतो: (अ) कशामुळे? (ब) मुळे. (ब) कशामुळे? (क) मुळे. वरून खाली वाचताना प्रत्येक पायरीवर 'कशामुळे' विचारायचं, आणि खालून वर वाचताना 'म्हणून' म्हणायचं. कारण परिणामाच्या आधी घडतं. म्हणून खाली जाताना काळ वाढत गेला पाहिजे, किंवा निदान तेवढाच राहिला पाहिजे. या कागदावर तो होता दहा मिनिटे, दोन दिवस, एक दिवस. तिसऱ्या ओळीत तो कमी झाला.

मी त्याला ओळी मोठ्याने वाचायला लावल्या. "मल्टिऑर्गन फेल्युअर झालं, म्हणून सेप्टिक शॉक झाला." वाचतानाच तो थांबला. अवयव मंगळवारी निकामी व्हायला लागले, शॉक सोमवारचा होता. शॉकमुळे अवयव गेले, अवयव गेल्यामुळे शॉक आला नाही. दोन ओळींची अदलाबदल झाली होती. फॉर्म भरणारा वरून खाली घाईने लिहीत जातो आणि मनात येईल तसं एकेक नाव उतरवतो, तेव्हा हे हमखास होतं. तीन ओळी तीन निदानांसाठी आहेत असं त्याला वाटतं. त्या एकाच साखळीच्या तीन कड्या आहेत हे लक्षात येत नाही.

मग मल्टिऑर्गन फेल्युअर लिहायचंच नाही का? लिहिता येतं. (अ) मल्टिऑर्गन फेल्युअर, (ब) सेप्टिक शॉक असा क्रम तर्काला धरून आहे. पण आपल्या फॉर्मवर भाग 1 मध्ये तीनच ओळी छापलेल्या आहेत, आणि आपल्याला अजून पाय आणि साखर लिहायची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या नमुन्यात चार ओळी आहेत, आणि साखळी खरोखरच लांब असेल तर आपणही खाली (ड) अशी ओळ वाढवू शकतो. इथे गरज नव्हती. अवयव निकामी होणं हा शॉकचाच पुढचा भाग, ते लिहिल्याने वाचणाऱ्याला नवं काही कळत नव्हतं. जागा कमी असेल तेव्हा वरची कडी गाळायची, खालची गाळायची नाही. घाईत नेमकं उलटं होतं.

किडनीचंही तसंच. एकेआय, म्हणजे किडनीला अचानक झालेली इजा, ही सेप्सिसची, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाची, देणगी होती. आठ महिन्यांपूर्वीचं क्रिएटिनिन 1.1 होतं, म्हणून हे आपण खात्रीने म्हणू शकतो. ती भाग 2 मध्ये टाकली होती ते चूक, कारण भाग 2 मध्ये साखळीच्या बाहेरचे आजार येतात. किडनी आधीपासूनच खराब असती, तर विचार वेगळा करावा लागला असता.

मधली ओळ : हरवलेला पाय

आता (अ) मध्ये सेप्टिक शॉक होता. सेप्टिक शॉक कशामुळे? या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नव्हतंच. न्यूमोनियाने होतो, लघवीच्या संसर्गाने होतो, फुटलेल्या अपेंडिक्सने होतो, बाळंतपणातल्या संसर्गानेही होतो. जागा लिहिली नाही तर हे सगळे मृत्यू एकसारखे दिसतात.

रेसिडेंटच्या मनात पाय नव्हता, कारण त्याच्या दृष्टीने पायाचा प्रश्न सोमवारी सर्जनने सोडवला होता. ड्यूटीवर आल्यापासून त्याने पाहिला तो शॉक आणि पांढरं बँडेज. पण पाय काढला तेव्हा जंतू रक्तात पोचून गेले होते. अवयव शरीरातून गेला तरी तो मृत्यूच्या कारणातून जात नाही. वेळ मोजतानाही हेच: गँगरीन सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत मोजायचं, ऑपरेशनपर्यंत नाही. म्हणून नऊ दिवस.

शस्त्रक्रियेचा उल्लेख करायचा असेल तर ती ज्या आजारासाठी केली त्या आजारासह करावा. नुसतं 'गुडघ्याखालील ॲम्प्युटेशन' अशी ओळ लिहिली तर वाचणाऱ्याला वाटतं की ऑपरेशनमुळे मृत्यू झाला.

'गँगरीन' एवढं लिहूनही भागत नाही. कुठल्या भागाचं, कुठल्या प्रकारचं, हे लिहायला पाच शब्द लागतात: उजव्या पावलाचं, जंतुसंसर्ग झालेलं, ओलं गँगरीन.

इथे एका बारीक गोष्टीवर आम्ही बराच वेळ घालवला. चपलेचा फोड ही इजा आहे का? साखळीची सुरुवात इजेपासून धरली तर मृत्यूचा प्रकार 'नैसर्गिक' राहत नाही. मग तो अपघात ठरतो, पोलिसांना कळवावं लागतं, आणि हा फॉर्म असा सहज हातात देता येत नाही. मी ते मानलं नाही, आणि माझा तर्क असा होता: तोच फोड पुतण्यालाही आला असता तर चार दिवसांत वाळला असता. फोडाने माणूस मरत नाही. या माणसाला तो दुखला नाही, भरला नाही आणि सडला, याचं कारण मधुमेह. पण पायात खिळा घुसून धनुर्वात झाला असता, किंवा ट्रॅक्टरवरून पडून पाय चिरडला असता आणि मग गँगरीन झालं असतं, तर साखळीच्या तळाशी ती घटना आली असती, मधुमेह असला तरीही. या दोहोंच्या मधली प्रकरणंही येतात, आणि तेव्हा एकट्याने ठरवू नये. न्यायवैद्यक विभागाला फोन करावा.

तिसरी ओळ : साखर खाली की बाजूला?

गँगरीन कशामुळे? मधुमेहामुळे. मधुमेह या कागदावर होता, पण भाग 2 मध्ये, रक्तदाब आणि हृदयविकाराच्या रांगेत. ही चूक मी सगळ्यात जास्त पाहते. जुने आजार म्हटले की हात आपोआप भाग 2 कडे जातो, जणू काही तो 'पूर्वेतिहास' लिहायचा रकाना आहे. भाग 2 चा अर्थ वेगळा आहे: मृत्यूला हातभार लावणारे, पण भाग 1 मधल्या साखळीत न बसणारे आजार. जो आजार साखळी सुरू करतो तो भाग 1 मध्येच, सगळ्यात खालच्या भरलेल्या ओळीवर लिहावा लागतो, तो कितीही जुना असला तरी.

याचा परिणाम काय होतो हे रेसिडेंटला सांगण्यासाठी मी त्याला कोडिंग करणाऱ्याच्या खुर्चीत बसवलं. हा कागद निबंधकाकडे जातो, आणि पुढे आकडेवारीच्या कार्यालयात कुणीतरी तो वाचून त्याला आंतरराष्ट्रीय आजार-वर्गीकरणाचा एक कोड देतो. त्याने रुग्ण पाहिलेला नाही, केसपेपर त्याच्यासमोर नाही, फोन करून विचारायची सोय नाही. तो आधी भाग 1 मधली सगळ्यात खालची ओळ पाहतो आणि विचारतो: यामुळे वरचं सगळं होऊ शकतं का? उत्तर 'हो' असेल तर तोच मूळ आजार, त्याचाच कोड. आपल्या मूळ कागदावर खाली मल्टिऑर्गन फेल्युअर होतं. त्यामुळे सेप्टिक शॉक होत नाही, म्हणून त्याला पुढचे नियम लावत शोधत बसावं लागतं. फार तर तो सेप्सिसपर्यंत पोचतो. पायापर्यंत पोचायला त्याच्याकडे रस्ताच नाही.

दुरुस्त कागदावर तो खाली पाहील: टाइप 2 मधुमेह. वर पाहील: गँगरीन. त्या जोडीसाठी वर्गीकरणात नेमकी जागा आहे, E11.5, म्हणजे पायाच्या रक्ताभिसरणाची गुंतागुंत झालेला टाइप 2 मधुमेह. 'टाइप 2' हे दोन शब्द लिहिले नसते तर हाच मृत्यू प्रकार न सांगितलेल्या मधुमेहाच्या E14 या गटात गेला असता. आणि 'डीएम' असं लिहून ठेवणं तर धोक्याचंच. डीएम म्हणजे डायबेटिस मेलायटस, आणि डीएम म्हणजे त्वचा आणि स्नायूंचा डर्माटोमायोसायटिसही. 'एमएस' वाचून हृदयाची झडप समजायची की मेंदूचा आजार? आपण वॉर्डात दिवसभर असं बोलतो आणि सगळ्यांना कळतं, पण हा कागद वॉर्डाच्या बाहेर जातो. आजाराचं नाव पूर्ण लिहायचं.

तळाशी मधुमेहच आहे, हे कशावरून? हा प्रश्न रेसिडेंटने स्वतः विचारला, आणि मला तो आवडला. रुग्ण तंबाखू मळून खायचे, तरुणपणी बिडीही ओढायचे. पायाच्या मोठ्या रक्तवाहिन्या बंद होऊन गँगरीन झालं असेल तर? आम्ही कागद पुन्हा उघडले. दाखल करताना डाव्या पायाच्या दोन्ही नाड्या चांगल्या लागत असल्याची नोंद होती. उजव्या मांडीतली आणि गुडघ्यामागची नाडीही लागत होती. गँगरीन कोरडं नव्हतं, ओलं आणि पू झालेलं होतं, आणि बधिर पायावरच्या दुर्लक्षित फोडातून सुरू झालेलं. हे सगळं एकाच दिशेला जात होतं. पाय आधीपासून गार असता, चालताना पोटरी धरत असती, नाड्या लागत नसत्या, तर (क) मध्ये पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार यायचा की मधुमेह, याचा वेगळा विचार करावा लागला असता. इथे खात्री 'वैद्यकीय मतानुसार सर्वांत संभाव्य' एवढ्या पातळीची लागते. शवविच्छेदनाइतका पुरावा हा फॉर्म मागत नाही, तुमचं प्रामाणिक मत मागतो. तंबाखूची नोंद वाया जात नाही, कारण मृत्यूची खबर देण्याच्या नमुना 2 मध्ये बिडी-सिगारेट, तंबाखू, सुपारी आणि दारू यांच्या सवयीबद्दल स्वतंत्र प्रश्न आहेत. तिथे ती आम्ही भरून घेतली.

चौदा वर्षं हा आकडा अंदाजे आहे. चालतो. 'अंदाजे 14 वर्षे' लिहिणं रकाना रिकामा ठेवण्यापेक्षा कधीही बरं, आणि खरोखरच कळत नसेल तर 'माहीत नाही' असं लिहावं.

भाग 2 मध्ये उरलं ते

अँजिओप्लास्टी झालेलं हृदय शॉकचा ताण कमी सोसतं. सोमवारच्या इकोमध्ये हृदयाचा पंप कमजोर दिसला होता, आणि त्यामुळे आम्हाला सलाइन हात राखून द्यावं लागलं होतं. हृदयविकाराने मृत्यूला हातभार लावला, पण गँगरीन त्याच्यामुळे झालं नाही. तो भाग 2 मध्ये बरोबर बसतो. रक्तदाबाबद्दल मी रेसिडेंटला विचारलं, या मृत्यूत त्याने काय केलं? त्याला सांगता आलं नाही, मलाही नाही. काढून टाकला. दुसरा कुणी तो ठेवेल, आणि मी भांडणार नाही. पण रुग्णाच्या सगळ्या आजारांची यादी करायची म्हणून भाग 2 भरायचा नाही, एवढं ठरलं.

नवा फॉर्म असा झाला:

भाग 1
(अ) सेप्टिक शॉक – 2 दिवस
(ब) उजव्या पावलाचे जंतुसंसर्गयुक्त ओले गँगरीन – 9 दिवस
(क) टाइप 2 मधुमेह – अंदाजे 14 वर्षे
भाग 2
हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, अँजिओप्लास्टी झालेली – 4 वर्षे
मृत्यूचा प्रकार : नैसर्गिक

खालून वर: मधुमेह होता, म्हणून पाय सडला. पाय सडला, म्हणून शॉक आला. गावातल्या माणसाचं वाक्य आणि आमचा कागद आता एकच सांगत होते.

मुलाची विनंती

सही करायला पेन उचललं तेव्हा त्यांचा मोठा मुलगा दारात आला. रात्रीपासून रडून डोळे सुजलेले. हात जोडून म्हणाला, "मॅडम, एक विनंती होती. शुगर लिहू नका. आप्पांची पॉलिसी आहे, त्यात शुगर दाखवलेली नाही. हार्ट अटॅक लिहा ना, तसंही हार्टचं होतंच त्यांना."

ही विनंती मी वर्षातून अनेकदा ऐकते, आणि मला तिचा कधी राग येत नाही. घरातला कमावता माणूस गेलेला असतो. कुणीतरी बाहेर सांगितलेलं असतं की डॉक्टरने अमुक लिहिलं तर पैसे बुडतील. पण त्याला 'नियम आहे' एवढं सांगून परत पाठवणंही मला जमत नाही. त्याला बसवलं.

"पॉलिसी कधीची आहे?"

"सात वर्षं झाली असतील."

विमा कायद्याच्या कलम 45 नुसार आयुर्विम्याच्या पॉलिसीला तीन वर्षं पूर्ण झाली की नंतर माहिती लपवल्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्याही कारणावरून तिला आव्हान देता येत नाही. मध्ये बंद पडून पुन्हा चालू केलेली पॉलिसी असेल तर ही तीन वर्षं पुन्हा चालू केल्यापासून मोजतात, म्हणून हप्ते कधी थांबले होते का तेही विचारलं. थांबले नव्हते. मी त्याला सांगितलं की कागद घेऊन एजंटाकडे जा आणि याच कलमाचं नाव घे. दुसरं असं की जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यानुसार नगरपालिकेतून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापलं जात नाही. बँक, सातबारा, पेन्शन, सगळीकडे तोच दाखला लागतो, हा फॉर्म नाही.

मग मी त्याला तिसरी गोष्ट सांगितली, जी ऐकायला जड होती. "मी हार्ट अटॅक लिहिला तर ते खोटं होईल, आणि केसपेपर, ऑपरेशनची नोंद, आयसीयूचा चार्ट हे सगळं पायाचंच बोलेल. उद्या कंपनीने दवाखान्याकडून माहिती मागवली तर दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध जातील. त्यात तुझंच नुकसान आहे."

तो गप्प बसला. मग त्याने विचारलं, "यात काय लिहिलंय ते मला वाचून दाखवाल?" 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार या प्रमाणपत्राची एक प्रत विनाशुल्क जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. त्यामुळे त्याला ते कळणारच होतं, आणि माझ्या तोंडून कळलेलं बरं. मी खालून वर वाचलं. मधुमेह, पाय, शॉक. 'नऊ दिवस' ऐकून तो म्हणाला, "सोमवारी बाजारातून आलो तेव्हा आईनं दाखवला होता मला अंगठा. मी म्हटलं, उद्या बघू."

त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. थोडा वेळ तिथेच बसले. मग त्याच्या धाकट्या भावाचं आणि त्याचं स्वतःचं रक्त तपासायला कधी यायचं ते ठरवलं. वडिलांना टाइप 2 मधुमेह असला की मुलांची जोखीम वाढते, आणि प्रमाणपत्र हातात असतानाच ते सांगितलं तर लक्षात राहतं. दोघं तेराव्यानंतर आले. धाकट्याची साखर वाढलेली निघाली.

सही करून फॉर्म निबंधकाकडे पाठवला, प्रत मुलाला दिली.

त्याच आठवड्यात शुक्रवारी आमच्याकडे ऐंशी वर्षांच्या एक आजी गेल्या. खुब्याचं हाड मोडल्यावर तीन आठवडे अंथरुणावर होत्या, मग छातीत न्यूमोनिया झाला. रेसिडेंटने फॉर्म लिहायला घेतला. (अ) मध्ये न्यूमोनिया, (ब) मध्ये खुब्याच्या हाडाचं फ्रॅक्चर. (क) वर आल्यावर पेन टेकवलं नाही. बाहेर जाऊन त्याने सुनेला विचारलं, "आजी पडल्या कशा?" न्हाणीघरात पाय घसरून पडल्या होत्या. तो परत आला, अर्धा लिहिलेला नमुना 4 बाजूला ठेवला, आणि पोलीस ठाण्याला कळवायचा कागद काढला.